एनईएफटी केली, पैसे पोचले नाहीत: यूटीआर घेऊन कुठे आणि काय विचारायचं

मोबाइलवर हिरवी खूण येते, ‘ट्रान्सफर यशस्वी’ असं लिहून येतं, आपल्या खात्यातून रक्कम वजा झालेली दिसते. समोरचा मात्र म्हणतो, काही आलं नाही. मग दोन्हीकडून स्क्रीनशॉट पाठवले जातात, आवाज चढतात आणि नात्यातल्या माणसांत उगीचच शंका शिरते. गोव्यातल्या बँकांत आवक-जावक व्यवहारांचं काम पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली. अशा दहा तक्रारींतल्या बहुतेक तक्रारींत कोणीच खोटं बोलत नसतं. पैसे दोन खात्यांच्या मधे कुठेतरी थांबलेले असतात आणि ते नेमके कुठे आहेत, हे एका क्रमांकावरून शोधता येतं. तो क्रमांक म्हणजे यूटीआर. तो कसा वाचायचा, कोणी कोणत्या बँकेला विचारायचं आणि नेमकं काय विचारायचं, एवढंच या लेखात सांगतो.

सुरुवात त्या हिरव्या खुणेपासूनच करू. ‘यशस्वी’ हा शब्द तुमच्या बँकेचा असतो. तुमच्या खात्यातून रक्कम काढली आणि संदेश पुढे पाठवला, एवढाच त्याचा अर्थ. समोरच्या खात्यात रक्कम पडली, असा अर्थ त्यात नसतो. मधे रिझर्व्ह बँकेची यंत्रणा असते आणि तिच्या पलीकडे घेणारी बँक असते.

एनईएफटीत व्यवहार एकेक करून जात नाहीत, दर अर्ध्या तासाला त्यांचा एक गठ्ठा पुढे जातो. बँकेची माणसं त्याला बॅच म्हणतात. दिवसाला अशा 48 बॅच असतात. 16 डिसेंबर 2019 पासून ही सेवा रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालू असते. म्हणजे जुन्या गोव्याच्या फेस्ताला शाखा बंद असली, चतुर्थीला बंद असली, तरी बॅच निघतच असतात. तुमचा व्यवहार ज्या बॅचमधे गेला, ती पुरी झाल्यापासून दोन तासांच्या आत घेणाऱ्या बँकेने दोनपैकी एक गोष्ट करायची असते: रक्कम खात्यात जमा करायची, किंवा जमा करता येत नसेल तर परत पाठवायची. तिसरा पर्याय नियमात नाही. हे दोन तास लक्षात ठेवा, पुढची सगळी विचारपूस त्यांच्यावरच उभी आहे.

आरटीजीएसचं गणित आणखी कडक आहे. ती दोन लाखांपासून वरच्या रकमेसाठी असते, तिथे बॅच नाही, प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे तेव्हाच्या तेव्हा पुरा होतो. 14 डिसेंबर 2020 पासून तीही चोवीस तास चालते. घेणाऱ्या बँकेने संदेश मिळाल्यापासून अर्ध्या तासात रक्कम जमा करायची असते. जमा करता आली नाही तर एका तासाच्या आत, किंवा त्या दिवसाचं आरटीजीएसचं कामकाज संपण्याआधी, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत ती परत पाठवायची असते.

म्हणून पैसे पाठवल्यावर पंधराव्या मिनिटाला एनईएफटीची तक्रार करण्यात अर्थ नसतो. सकाळी 11 वाजून 10 मिनिटांनी पाठवलेली रक्कम साधारण साडेअकराच्या बॅचमधे जाईल आणि घेणाऱ्या बँकेला दीडपर्यंतचा वेळ असेल. बॅचच्या तोंडावर, म्हणजे 11:28 ला पाठवली असेल, तर ती बारावर ढकलली जाऊ शकते. दोन वाजले तरी पत्ता नाही, तेव्हा शोध सुरू करायचा.

आता यूटीआर. रजिस्टर पोस्टाच्या पावतीवरचा क्रमांक जसा त्या एकाच पाकिटाचा असतो, तसा हा क्रमांक त्या एकाच व्यवहाराचा असतो आणि दोन्ही बँकांना आपापल्या पडद्यावर तोच दिसतो. एनईएफटीचा यूटीआर 16 अक्षरी असतो, आरटीजीएसचा 22 अक्षरी. आरटीजीएसचा साचा ठरलेला आहे, तो असा दिसतो:

```
XXXXR52025110700018234
```

पहिली चार अक्षरं पाठवणाऱ्या बँकेची, म्हणजे तिच्या आयएफएससीची पहिली चार. मग आरटीजीएसचं R. त्यानंतरचा एक अंक व्यवहार कोणत्या मार्गाने केला ते सांगतो, जसं शाखेतून, इंटरनेटवरून, मोबाइलवरून. मग वर्ष, महिना, दिवस: इथे 7 नोव्हेंबर 2025. शेवटचे आठ अंक म्हणजे अनुक्रमांक.

एनईएफटीच्या क्रमांकाची रचना बँकेबँकेत थोडी बदलते. पुष्कळ बँका बँकेची चार अक्षरं, एक अक्षर, वर्षाचे दोन अंक, वर्षातला कितवा दिवस त्याचे तीन अंक आणि अनुक्रमांक अशी मांडणी करतात:

```
XXXXN25311004512
```

इथे 25 म्हणजे 2025 आणि 311 म्हणजे वर्षातला तीनशे अकरावा दिवस, तोच 7 नोव्हेंबर. तुमच्या बँकेचा क्रमांक असाच दिसेल असं नाही, पण अक्षरं मोजलीत तर 16 भरायला हवीत.

अक्षरं मोजायला सांगतोय त्यामागे कारण आहे. लोक शाखेत जो क्रमांक घेऊन येतात, तो अनेकदा यूटीआर नसतोच. ॲपवर व्यवहार केल्या केल्या जो ‘रेफरन्स नंबर’ दिसतो, तो पुष्कळदा तुमच्या बँकेच्या आतला असतो, तुमच्या विनंतीला दिलेला. घेणाऱ्या बँकेला तो दाखवून काही उपयोग नाही, तिच्या पडद्यावर तो सापडणार नाही. खरा यूटीआर खात्याच्या स्टेटमेंटमधे, वजा रकमेच्या समोरच्या तपशिलात असतो. पासबुकात छापताना जागेअभावी तो अर्धवट तुटतो, म्हणून स्टेटमेंटची पीडीएफ काढून त्यातून तो उतरवून घ्यावा. शाखेतून चलन भरून पाठवले असतील तर काउंटरवरच्या माणसाकडून यूटीआर पावतीवर लिहून घ्या, तो देणं त्याला अवघड नसतं.

आणि यूटीआर सापडतच नसेल, तर तीही एक बातमीच आहे. बहुतेक वेळा याचा अर्थ असा की रक्कम तुमच्या बँकेतून निघालेलीच नाही. नवीन लाभार्थी जोडल्यावर बँक काही तास मोठी रक्कम अडवते, कंपनीच्या खात्यात दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी बाकी असते, किंवा शाखेत चलन घेतलं पण पुढे भरलं गेलं नाही. अशा वेळी समोरच्या बँकेकडे जाऊन फुकट खेप पडते. प्रश्न आपल्याच बँकेत सोडवायचा असतो.

यूटीआर हातात आला की रक्कम तीनपैकी एका जागी असते. एक, घेणाऱ्याच्या खात्यात ती जमा झालेलीच आहे, फक्त त्याने पाहिली नाही. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. एसएमएस आला नाही म्हणजे पैसे आले नाहीत असं लोक धरून चालतात, आणि बोटीवरच्या किंवा गल्फमधल्या माणसाचा नोंदवलेला भारतातला नंबर कित्येकदा बंद असतो. म्हणून पहिली विनंती हीच करायची की एसएमएस नको, स्टेटमेंट उघडून बघ. दोन, रक्कम घेणाऱ्या बँकेत पोचली आहे पण खात्यात पडलेली नाही, बँकेच्याच एका मधल्या खात्यात ठेवलेली आहे. तीन, घेणाऱ्या बँकेने ती परत पाठवली आहे, पण पाठवणाऱ्याने अजून ती पाहिली नाही किंवा त्याच्या बँकेने अजून खात्यात घेतलेली नाही.

या तीन जागांपैकी कोणती, हे पाठवणाऱ्याला आपल्याच बँकेतून कळू शकतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. एनईएफटीत घेणाऱ्या बँकेने रक्कम खात्यात जमा केली की ती पाठवणाऱ्या बँकेला एक संदेश पाठवते. त्याचं नाव N10. रक्कम परत केली तर जो संदेश येतो तो N07. म्हणून शाखेत गेल्यावर ‘पैसे गेले का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो, गेले’ असंच येणार, आणि ते खरंही असतं. विचारायचं ते असं: ‘या यूटीआरला N10 आलाय का? N07 आलाय का? कधीचा?’ शाखेतल्या माणसाला स्वतःला ते दिसत नसेल, तर बँकेचं एनईएफटी ग्राहक सुविधा केंद्र असतं, तिथे ते दिसतं. प्रत्येक बँकेने या केंद्राचा फोन आणि ईमेल आपल्या संकेतस्थळावर दिलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरही सगळ्या बँकांची यादी आहे. गूगलवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ नंबर मात्र लावू नका. अशा वेळी माणूस घाबरलेला असतो आणि भामटे त्याच क्षणाची वाट बघत असतात. यूटीआर सांगितल्याने काही बिघडत नाही. ओटीपी किंवा कार्डाचा नंबर मागितला की फोन ठेवावा.

N10 आला असेल तर रक्कम कोणत्या तरी खात्यात नक्की पडली आहे. तेव्हा आपण भरलेला खाते क्रमांक अंक-अंक तपासायचा. पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात, भरलेलं नाव बँक जुळवून बघत नाही. दोन अंक उलटे पडले आणि त्या क्रमांकाचं खाते खरोखर अस्तित्वात असेल, तर रक्कम परक्याच्या खात्यात जाते आणि ती त्याच्या संमतीनेच परत येऊ शकते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने 1 एप्रिल 2025 पर्यंत पाठवण्याआधी लाभार्थ्याचं नाव दाखवण्याची सोय द्यायला बँकांना सांगितलं होतं. तिला शुल्क नाही. मोठी रक्कम पाठवण्याआधी ती जरूर वापरावी. N07 आला असेल तर रक्कम परत आली आहे, आता आपल्या बँकेच्या मागे लागायचं. आणि दोन्हींपैकी काहीच आलं नसेल, दोन तासही उलटून गेले असतील, तर रक्कम घेणाऱ्या बँकेतच अडकली आहे. आता तिला विचारायचं.

तिला कोणी विचारायचं, हा प्रश्न गोव्यात हमखास अडतो. पाठवणारा माणूस थेट घेणाऱ्या बँकेच्या शाखेत गेला तर तिथली माणसं त्याला काहीच सांगणार नाहीत. त्यांनी सांगूही नये. समोरचं खातं चालू आहे की गोठवलंय, कोणत्या प्रकारचं आहे, ही खातेदाराची खासगी माहिती आहे. घेणाऱ्या बँकेला विचारण्याचा हक्क खातेदाराचा. पाठवणाऱ्याने आपल्या बँकेला विचारायचं आणि मग त्या दोन बँका एकमेकींशी बोलतात. शक्य असेल तर दोन्हीकडून एकाच दिवशी विचारावं, त्याने काम लवकर उरकतं.

एक प्रकरण तपशिलात सांगतो, म्हणजे हे सगळं कुठे कसं लागू होतं ते दिसेल.

साखळीच्या एका शिक्षिकेचा भाऊ तारवटी आहे, बोटीवर नोकरीला. गावच्या घराच्या छपराचं काम झालं, पूर्ण बिल भावाने भरलं आणि बहिणीच्या वाट्याचे 1,85,000 रुपये तिने त्याच्या खात्यात पाठवायचे ठरले. शुक्रवार, 7 नोव्हेंबर 2025, सकाळी 11:10 ला तिने मोबाइलवरून एनईएफटी केली. ‘यशस्वी’ आलं. संध्याकाळी म्हापशाहून वहिनीचा फोन: ‘पयशे पावले नात.’ शनिवारी दुसरा शनिवार, बँका बंद. रविवारपर्यंत घरात बोलणी सुरू झाली होती.

रविवारी तिने स्टेटमेंटची पीडीएफ काढली. त्यात 16 अक्षरी यूटीआर होता, म्हणजे रक्कम तिच्या बँकेतून निघाली होती. आयएफएससी आणि खाते क्रमांक भावाच्या रद्द केलेल्या चेकशी ताडून पाहिले, बरोबर होते. मग तिने आपल्या बँकेच्या सुविधा केंद्राला ईमेल केला: यूटीआर, तारीख, वेळ, रक्कम, आणि एकच प्रश्न, N10 किंवा N07 आलाय का. सोमवारी सकाळी उत्तर आलं: 11:30 च्या बॅचमधे व्यवहार पुरा झाला, दोन्हींपैकी एकही संदेश आलेला नाही. रक्कम कुठे आहे ते इथे कळलं. घेणाऱ्या बँकेकडे.

वहिनी सोमवारी म्हापशाच्या शाखेत गेली. तिला माहिती दिली नाही, कारण खात्यावर तिचं नाव नव्हतं. ती रागावली, पण शाखेचं बरोबर होतं. भाऊ समुद्रावर. अशा वेळी चालणारा मार्ग म्हणजे खातेदाराने बँकेत नोंदवलेल्या ईमेलवरून लिहिणं, कारण बँक तो ईमेल खातेदाराचा म्हणून ओळखते. बहिणीने मजकूर तयार करून पाठवला, त्याने तो आपल्या ईमेलवरून शाखेला आणि त्या बँकेच्या सुविधा केंद्राला धाडला:

‘माझ्या खात्यात (शेवटचे चार अंक अमुक) 7 नोव्हेंबर 2025 रोजी साडेअकराच्या बॅचमधून 1,85,000 रुपयांची आवक एनईएफटी आली आहे. यूटीआर अमुक. पाठवणाऱ्या बँकेला जमा झाल्याचा किंवा परतीचा संदेश मिळालेला नाही. कृपया कळवावे: (1) हा व्यवहार आपल्याकडे कधी मिळाला, (2) सध्या रक्कम कोणत्या स्थितीत आहे, जमा, परत की थांबवलेली, (3) थांबवली असल्यास कारण काय आणि माझ्याकडून काय हवे, (4) परत केली असल्यास परतीचा क्रमांक व वेळ.’

या चार प्रश्नांना ‘लवकरच होईल’ असं उत्तर देता येत नाही. प्रत्येकाला वेळ, स्थिती किंवा कारण असंच उत्तर द्यावं लागतं. ‘पैसे आले नाहीत, कृपया बघा’ एवढंच लिहिलं की तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते, कारण बघायचं काय ते कोणालाच कळत नाही.

दुपारी उत्तर आलं. भावाने दिलेलं खातं एनआरई होतं. एनआरई खात्यात मुख्यत्वे परदेशातून आलेला पैसा किंवा दुसऱ्या एनआरई खात्यातून आलेला पैसा जमा होतो. भारतात राहणाऱ्या बहिणीने रुपयांत पाठवलेली रक्कम तिथे अशीच टाकता येत नाही, तिच्यासाठी एनआरओ खातं असतं. यंत्रणेने रक्कम अडवली आणि कोणीतरी ती तपासून परत पाठवायची राहिली. मधे शनिवार-रविवार आले. बॅच चालू होत्या, पण तपासणारा माणूस सोमवारीच टेबलावर बसला.

गोव्यात घरटी एक माणूस बोटीवर किंवा परदेशात असताना हे कारण सगळ्यात आधी तपासायला हवं. भावाने पगारासाठी दिलेला खाते क्रमांकच घरची मंडळी वर्षानुवर्षं सगळीकडे वापरत राहतात. माझ्या पाहण्यात अडकलेल्या आवक रकमांची इतर कारणंही फार गूढ नसायची: खातं दोन वर्षं न वापरल्याने निष्क्रिय झालेलं, केवायसी संपलेलं, खातं बंद झालेलं, किंवा पोलिसांच्या पत्रामुळे गोठवलेलं. चौथ्या कारणात रक्कम जमा होऊनही खातेदाराला ती काढता येत नाही. मग तो ‘आले नाहीत’ असं म्हणतो. N10 आलेला असेल तर हे लगेच उघडं पडतं.

सोमवारी चारच्या बॅचमधून रक्कम बहिणीच्या खात्यात परत आली. इथे एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. परत आलेली रक्कम शुक्रवारच्या नोंदीसमोर दिसत नाही. ती नव्या तारखेची, नव्या क्रमांकाची वेगळी जमा नोंद असते. तिच्या तपशिलात ‘RETURN’ किंवा ‘RTN’ असं काहीतरी आणि बऱ्याचदा मूळ यूटीआर लिहिलेला असतो. ‘आपले पैसे गेलेच’ म्हणून तळमळणाऱ्या कित्येकांच्या खात्यात ते दोन दिवसांपूर्वीच परत आलेले मी पाहिले आहेत. म्हणून स्टेटमेंट पाठवल्याच्या दिवसापर्यंत नाही, आजपर्यंतचं काढून बघावं. मंगळवारी तिने भावाच्या एनआरओ खात्यात रक्कम पाठवली, ती दुपारीच जमा झाली.

सहकारी बँकांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे त्यांचं आणि पतसंस्थांचं जाळं मोठं आहे. काही लहान सहकारी बँका एनईएफटीच्या थेट सदस्य नसतात, एखाद्या मोठ्या बँकेच्या आधाराने त्या यंत्रणेत असतात. तिला पुरस्कर्ती बँक म्हणतात. रक्कम आधी मोठ्या बँकेकडे येते, मग लहान बँकेकडे. म्हणून तुमच्या शाखेत ‘आमच्याकडे काही आलं नाही’ असं प्रामाणिक उत्तर मिळू शकतं आणि रक्कम मात्र मोठ्या बँकेच्या यादीत पडून असू शकते. तेव्हा शाखेला विचारायचं, ‘तुमची पुरस्कर्ती बँक कोणती, आणि तिच्याकडच्या आवक यादीत हा यूटीआर आहे का?’ पतसंस्था तर बँकच नाही. तिच्या खातेदारासाठी आलेली रक्कम प्रत्यक्षात एखाद्या बँकेतल्या पतसंस्थेच्या खात्यात पडते आणि पुढे संस्थेचा लिपिक ती सभासदाच्या नावावर टाकतो. तिथे दोन तासांचा नियम बँकेपुरता पाळला गेलेला असतो. उशीर झाला असेल तर तो संस्थेच्या वहीत झालेला असतो आणि विचारायचं संस्थेच्या चिटणिसाला.

बाजारात माल देणाऱ्यांसाठीही थोडं सांगतो. म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानात गिऱ्हाईक यूटीआर असलेला स्क्रीनशॉट दाखवून माल उचलायला बघतं. त्या चित्रातला क्रमांक खरा असला तरी तो रक्कम निघाल्याचा पुरावा आहे, पोचल्याचा नाही. चित्र खोटंही असू शकतं. आपल्या स्टेटमेंटमधे त्याच यूटीआरची जमा नोंद दिसली, की मगच माल द्यावा.

आता उशिराच्या भरपाईचं. एनईएफटीत ठरलेल्या वेळेत रक्कम जमा किंवा परत झाली नाही, तर जेवढे दिवस उशीर झाला तेवढ्या दिवसांचं व्याज घेणाऱ्या बँकेने द्यायचं असतं. दर म्हणजे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर अधिक दोन टक्के. आणि ते ग्राहकाने मागण्याची वाट न बघता द्यायचं असतं. साखळीच्या प्रकरणात शुक्रवारी दीडला मुदत संपली, सोमवारी चारला रक्कम परत आली, म्हणजे सुमारे तीन दिवस. तेव्हा रेपो दर साडेपाच टक्के होता, त्यात दोन मिळवून साडेसात. 1,85,000 वर वर्षाचं व्याज 13,875 रुपये, दिवसाचं 38, तीन दिवसांचे 114 रुपये. रक्कम छोटी आहे हे मान्य. पण मागताना बॅचची वेळ आणि परतीची वेळ लिहिली की बँकेला उशीर कुठे झाला हे कबूल करावं लागतं, आणि पुढच्या माणसाची रक्कम सोमवारपर्यंत पडून राहण्याची शक्यता कमी होते. तिने आपल्या बँकेला तसं लिहिलं आणि ते व्याज तिच्या खात्यात जमा झालं.

बँकेने लेखी तक्रारीला 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. तिला शुल्क नाही. त्याआधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणं आवश्यक आहे, म्हणून फोनवर कितीही वेळा बोललात तरी एक ईमेल पाठवून त्याचा तक्रार क्रमांक घेऊन ठेवा. लोकपालाच्या अर्जाला तीन कागद जोडावेत: यूटीआर दिसणारी स्टेटमेंटची पीडीएफ, बँकेला केलेला ईमेल, आणि N10 किंवा N07 आला नाही असं सांगणारं तुमच्या बँकेचं उत्तर. यातलं तिसरं सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, कारण उशीर कोणाच्या दारात झाला हे दुसऱ्या एका बँकेनेच लिहून दिलेलं असतं.